बिलावर २९७, हाती २८१ : एका सिमेंट विक्रेत्याच्या भावाची उतरण

एरंडोल परिसरातल्या एका बांधकाम साहित्य विक्रेत्याच्या दुकानाचा ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तिमाहीचा हा अभ्यास आहे. दुकानाची ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलून पूर्णांकाकडे नेले आहेत, पण त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण तसेच ठेवले आहे. दुकानात सळई, टाइल्स, पाण्याच्या टाक्या असे सगळे विकले जात असले तरी येथे मी फक्त ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीचाच विचार केला आहे. सिमेंटमध्ये गोणीमागचा नफा इतका बारीक असतो, की एक-दोन रुपयांची गळतीसुद्धा लगेच जाणवते.

शेठची तक्रार सरळ होती. तीन महिन्यांत १२,००० गोण्या विकल्या होत्या आणि मागच्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा विक्री वाढली होती, तरी बँकेचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसे उचलायचे कर्ज, मर्यादेला टेकलेलेच होते. त्यांचा हिशोब असा होता : गोणीचे बिल सरासरी २९७ रुपयांना होते, कंपनी मागाहून देते त्या सवलतींच्या सगळ्या क्रेडिट नोट वजा जाता ती गोदामात २७४.५० रुपयांना पडते, म्हणजे गोणीमागे २२.५० रुपये सुटतात आणि तिमाहीत २,७०,००० रुपये मिळायला हवेत. यातले एकही विधान चुकीचे नव्हते. मात्र बिल फाडल्यानंतर त्या २९७ रुपयांतून जे-जे गेले, ते या हिशोबात कुठेच नव्हते.

त्यासाठी आम्ही ज्याला प्राइस वॉटरफॉल म्हणतात तो मांडायला घेतला. मी त्याला भावाची उतरण म्हणतो. यादीतल्या भावापासून सुरुवात करायची, गोणी विकताना आणि विकल्यानंतर जी जी रक्कम सुटते ती पायरीपायरीने खाली उतरवत जायची आणि शेवटी विक्रेत्याच्या हाती खरोखर किती पडते ते पाहायचे. तत्त्व सोपे आहे. कष्ट आकडे गोळा करण्यात आहेत, कारण प्रत्येक पायरी वेगळ्या वहीत लिहिलेली असते. गल्ल्यावरची सूट बिलात असते, हमाली रोजमेळात, डिझेल गाडी खर्चात, चालकाचा पगार पगाराच्या खात्यात, ठेकेदाराला दिलेली सूट मार्चमध्ये वटाव-कसर खात्यात एकरकमी दिसते, आणि उधारीचे व्याज तर कोणत्याच गिऱ्हाइकाच्या नावावर लिहिलेले नसते. सूट शेठ ठरवतात, भाडे दिवाणजी ठरवतात, फेरी कधी निघायची हे चालक ठरवतो. एकाच गोणीवर या तिघांच्या निर्णयांची बेरीज काय झाली, हे पाहण्याची वेळ कोणावरच आलेली नव्हती.

सुरुवातीलाच एक खबरदारी घ्यावी लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दिवाणजींनी आधी करासह भाव मांडून मागच्या तिमाहीशी तुलना केली, तेव्हा गोणीचा भाव कोसळल्यासारखा दिसत होता आणि त्याचे कारण सूट वाढली असे वाटत होते. प्रत्यक्षात तो कर होता, आणि कर विक्रेत्याच्या हाताशी थांबत नाही. म्हणून खालचे सगळे भाव जीएसटी वगळून आहेत. करासह हिशोबात घेतली आहे ती फक्त उधारी, आणि त्याचे कारण पुढे येईल.

तिमाहीतली सर्व बिले, गाडीच्या फेऱ्यांच्या चिठ्ठ्या, रोजमेळ आणि पैसे येण्याच्या तारखा एकत्र जुळवल्यावर सरासरी गोणीची उतरण अशी निघाली.

| पायरी | रुपये प्रति गोणी |
|---|---|
| यादी भाव | ३१०.०० |
| गल्ल्यावरची सूट | − ९.०० |
| मोठ्या मालाची सूट | − ४.०० |
| बिलाचा भाव | २९७.०० |
| रोखीची सूट | − १.२० |
| ठेकेदारांना तिमाहीअखेर परत दिलेली सूट | − २.५० |
| मिस्त्रींचे बक्षीस | − १.३० |
| भाडे (गिऱ्हाइकाकडून मिळालेले वजा करून) | − ५.८० |
| हमाली | − १.५० |
| उधारीचे व्याज | − ३.१० |
| फाटलेल्या व गोठलेल्या गोण्या | − ०.६० |
| हाती पडणारा भाव | २८१.०० |

बिलाच्या वरचे १३ रुपये शेठना तोंडपाठ होते, कारण ते त्यांनी स्वतः सोडलेले होते. बिलाच्या खालचे १६ रुपये त्यांनी एकत्र कधी पाहिले नव्हते. गोदामातला भाव २७४.५० वजा केला की गोणीमागे २२.५० नव्हे, ६.५० रुपये उरतात. १२,००० गोण्यांवर ते ७८,००० रुपये होतात, आणि दुकानाचे भाडे, दिवाणजींचा पगार व वीजबिल यांतला सिमेंटचा वाटाच तिमाहीला ७५,००० रुपये धरलेला होता. कॅश क्रेडिट खाते खाली का येत नव्हते, याचे उत्तर एवढ्यातच होते.

यातल्या दोन पायऱ्यांवर सर्वांत जास्त वाद झाला.

पहिली उधारीच्या व्याजाची. “मी कोणाला व्याज देत नाही, कोणाकडून घेत नाही,” असे शेठचे म्हणणे होते. पण कॅश क्रेडिटवर बँक त्यांच्याकडून वर्षाला १२ टक्के घेत होती आणि ती रक्कम गिऱ्हाइकांकडेच अडकलेली होती. शिवाय उधारी २९७ रुपयांची नसते, १८ टक्के करासह सुमारे ३५० रुपयांची असते. गिऱ्हाइकाने पैसे दिले असोत वा नसोत, त्या बिलावरचा कर विक्रेत्याला वेळेवर भरावाच लागतो. सरासरी २७ दिवसांच्या उधारीवर ३५० रुपयांचे १२ टक्क्यांनी व्याज काढले की गोणीमागे ३.१० रुपये येतात. आपल्याकडे ही मुदत कॅलेंडरवर चालत नाही. “कापूस विकला की देतो” हे वाक्य खरे असते, पण भाव चढेल म्हणून शेतकरी कापूस घरात ठेवतो तेव्हा दुकानाची उधारीही त्याच घरात पडून राहते.

दुसरी पायरी भाड्याची. नफा-तोटा पत्रकात गाडी खर्च म्हणून फक्त डिझेल होते आणि ते १२,००० गोण्यांवर वाटले तर २.६० रुपये येत होते. चालकाचा पगार पगारात, टेम्पोचा हप्ता कर्जात, विमा वर्षातून एकदा आणि भाड्याने बोलावलेल्या पिकअपचे पैसे किरकोळ खर्चात जात होते. टेम्पोतून सळई आणि टाइल्सही जात असल्याने फेऱ्यांच्या प्रमाणात सिमेंटचा वाटा वेगळा केला, गिऱ्हाइकांनी दिलेले भाडे त्यातून वजा केले, तरी निव्वळ ६९,६०० रुपये राहिले. गोणीमागे हे ५.८० रुपये म्हणजे वहीतल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.

सरासरी उतरणीने रोग कळला, पण उपाय तिच्यातून सुचत नव्हता. सरासरी गोणी नावाची गोणी कोणी विकत घेत नाही. म्हणून हीच उतरण आम्ही तीन गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळी मांडली, आणि खरे चित्र तेथे दिसले.

पहिला होता दुकानाचा सर्वांत मोठा ठेकेदार. त्याने तिमाहीत ३,००० गोण्या उचलल्या होत्या आणि त्याच्यासाठी शेठ स्वतः उठून चहा सांगत. त्याचा बिलाचा भाव २९१. त्यातून तिमाहीअखेरची सूट ५ रुपये, भाडे ३.५०, हमाली १.५०, मोडतोड ०.३० आणि ६२ दिवसांच्या उधारीचे ७ रुपये गेले. हाती पडले २७३.७०. म्हणजे गोदामातल्या भावापेक्षा ८० पैसे कमी, आणि ३,००० गोण्यांवर २,४०० रुपयांचा तोटा. यात बिलावरची सूट एकटी दोषी नाही, हे लक्षात घ्यावे. २९१ चा भाव ३० दिवसांत वसूल झाला असता तर गोणीमागे साडेतीन रुपयांहून अधिक वाचले असते आणि हाच ठेकेदार नफ्यात बसला असता.

दुसरे होते १४ किलोमीटरवरच्या गावात घर बांधणारे कुटुंब. बिलाचा भाव चांगला, ३०२. एका फेरीला ३० गोण्या, पिकअपचे भाडे ७५०, त्यातले ३३० गिऱ्हाइकाने दिले, उरलेले ४२० दुकानाने सोसले, म्हणजे गोणीमागे १४ रुपये. हमाली २, मिस्त्रीचे बक्षीस ३, वीस दिवसांच्या उधारीचे २.३०, मोडतोड १ रुपया. हाती २७९.७० आणि शिल्लक ५.२०. इथपर्यंत ठीक. पण स्लॅबच्या दिवशी फोन येतो, “दहा गोण्या कमी पडल्या, काँक्रीट थांबलंय.” पिकअप पुन्हा निघते. भाडे तेच ७५०, गिऱ्हाइकाकडून तेच ३३०, पण आता ४२० रुपये दहाच गोण्यांवर बसतात. गोणीमागे ४२ रुपये. त्या दहा गोण्यांत प्रत्येकी २२.८० रुपयांचा तोटा, एकूण २२८. पहिल्या तीस गोण्यांनी मिळवले होते १५६. चाळीस गोण्या, रोखीसारखा ३०२ चा भाव, आणि दुकान ७२ रुपयांनी तोट्यात.

भाडे हे गोणीचे नसते, फेरीचे असते, हे वाक्य या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते गोणीवर वाटून सरासरी काढली की अर्धवट भरलेली गाडी लपून जाते. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा तिमाहीत अशा दहा-दहा गोण्यांच्या ३८ फेऱ्या निघाल्या. एकूण मालाच्या जेमतेम तीन टक्के माल त्यांतून गेला, पण दुकानाने सोसलेल्या भाड्यातले १५,९६० रुपये, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, त्यांनी खाल्ला. काळ्या मातीच्या शिवारात पाऊस झालेला असला तर याहून वाईट होते. गाडी बांधावर जात नाही, माल रस्त्याला उतरवून ट्रॅक्टरने न्यावा लागतो आणि हमाली दोनदा पडते. कापूस वेचणीच्या दिवसांत हमालच मिळत नाहीत आणि गाडी तास तास उभी राहते. तो उभा राहण्याचा खर्च आम्ही या उतरणीत धरलेला नाही, कारण त्याची नोंदच नव्हती.

तिसरा गट कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हता. स्वतःचा ट्रॅक्टर किंवा छोटा हत्ती घेऊन येणारे, रोख देणारे, माल स्वतः भरून नेणारे. त्यांचा बिलाचा भाव ३०३, रोखीची सूट २ रुपये, मोडतोड २० पैसे. हाती ३००.८०, शिल्लक २६.३०. या गटाने २,५०० गोण्या नेल्या, म्हणजे एकूण मालाचा पाचवा हिस्सा, आणि ७८,००० रुपयांपैकी ६५,७५० रुपये याच गटाने दिले. उरलेल्या ६,५०० गोण्यांवर, ज्यांत गावोगावची घरे आणि लहान ठेकेदार येतात, गोणीमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास सुटत होते. गल्ल्यासमोर सर्वांत जास्त वेळ उभे राहावे लागणारे गिऱ्हाईक दुकान चालवत होते. हे पाहून शेठ काही वेळ बोलले नाहीत.

येथे घाईने एक चूक होऊ शकली असती. तोट्यातला ठेकेदार सोडून द्या, असे दिवाणजींनी सुचवले. कागदावर २,४०० रुपये वाचतात. पण कंपनीच्या क्रेडिट नोटमध्ये तिमाहीला १०,००० गोण्यांची पायरी होती, आणि ती गाठली तर साऱ्या मालावर गोणीमागे २ रुपये जास्त मिळत होते. ठेकेदाराच्या ३,००० गोण्या गेल्या की विक्री ९,००० वर येते, पायरी हुकते आणि उरलेल्या मालावरचे १८,००० रुपये जातात. शिवाय त्याच्या नावावर धरलेल्या भाड्यात टेम्पोचा हप्ता आणि चालकाचा पगारही आहे. तो गेला म्हणून ते खर्च थांबत नाहीत, दुसऱ्या गोण्यांवर जाऊन बसतात. उतरण कोण किती खातो ते दाखवते. कोणाला काढल्याने काय वाचेल, हे सांगण्यासाठी थांबणारा खर्च आणि न थांबणारा खर्च वेगळा करावाच लागतो. म्हणून ठेकेदार ठेवायचा आणि त्याच्या अटी बदलायच्या, असे ठरले.

तिमाहीअखेरची ५ रुपयांची सूट त्याला पूर्वी विनाअट मिळत होती. जानेवारीपासून ती ३० दिवसांत पैसे आलेल्या बिलांनाच द्यायची, असे सुरुवातीलाच लेखी ठरवले आणि प्रत्येक बिलाचा क्रमांक त्या सवलतीच्या कागदावर घ्यायला लागलो. यामागे कराचाही भाग होता. त्या तिमाहीत लागू असलेल्या नियमानुसार विक्रीनंतर दिलेली सूट करपात्र रकमेतून वजा करायची तर ती विक्रीच्या आधी किंवा विक्रीवेळी ठरलेली असावी, ठरावीक बिलांशी जोडलेली असावी आणि माल घेणाऱ्याने त्यावर घेतलेली कराची वजावट तेवढी उलटवलेली असावी, अशा अटी होत्या. दुकानाची सूट तोंडी होती, त्यामुळे परत दिलेल्या अडीच रुपयांवर भरलेले ४५ पैसे परत घेता येत नव्हते. हे ४५ पैसे वरच्या उतरणीत नाहीत. आमच्या हे फार उशिरा लक्षात आले.

भाड्यासाठी फेरीची चिठ्ठी बदलली. तिच्यावर आता गोण्यांची संख्या, किलोमीटर, गाडी स्वतःची की भाड्याची आणि गिऱ्हाइकाने दिलेले भाडे हे चारच रकाने आहेत, पण ती बिलाला टाचल्याशिवाय गाडी निघत नाही. ३० गोण्यांपेक्षा कमी माल असेल तर फेरीचे पूर्ण भाडे बिलावर वेगळ्या ओळीत लागते. सिमेंटसोबत दुकानच माल पोचवत असल्याने त्या भाड्यावर सिमेंटच्याच दराने कर लावावा लागतो, हे गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेवले. सोबत एक साधा बदल झाला. स्लॅबचा माल मागायला आलेल्या माणसाला दिवाणजी आता स्लॅबची लांबी, रुंदी आणि जाडी विचारतात आणि मिस्त्रीशी फोनवर बोलून गोण्या मोजून देतात. शंका असेल तर पाच गोण्या जास्त पाठवायच्या आणि न फोडलेल्या परत घ्यायच्या. पुढच्या फेरीत रिकामी येणारी गाडी त्या आणते. माझ्या मते भाड्याच्या नियमापेक्षा या मोजणीनेच फेऱ्या जास्त वाचवल्या.

एक पायरी कमी करता आली नाही. मिस्त्रींचे बक्षीस जानेवारीत बंद केले. दोन गावांतली विक्री महिन्याभरात खाली आली, कारण घरमालक सिमेंटचा ब्रँड आणि दुकान दोन्ही मिस्त्रीला विचारून ठरवतो. फेब्रुवारीत ते पुन्हा सुरू करावे लागले. ते १.३० रुपये गळती नसून विक्रीचा खर्च आहेत, असे मी आता मानतो.

जानेवारी ते मार्च २०२६ च्या तिमाहीत बिलाखालचे १६ रुपये १२.६० वर आले. भाडे ५.८० वरून ४.१०, उधारीचे व्याज ३.१० वरून २ रुपये, ठेकेदारांची सूट २.५० वरून २.१० आणि रोखीची सूट १ रुपया. मोठ्या ठेकेदाराने सुरुवातीला नाराज होऊन माल कमी उचलला आणि एकूण विक्री ११,२०० वर आली, पण १०,००० ची पायरी सुटली नाही. त्याची उधारी ६२ वरून ४० दिवसांवर आली आहे, ठरलेल्या ३० वर अजून नाही. बिलाचा आणि गोदामातला भाव पूर्वीचाच धरला तर गोणीमागे ९.९० रुपये, म्हणजे तिमाहीत १,१०,८८० रुपये होतात. हा आकडा मी शेठना सांगताना एक अट जोडली. कापसाचे पैसे याच महिन्यांत गावात येतात, त्यामुळे उधारी लवकर वसूल होण्यात आमच्या अटींचा वाटा किती आणि हंगामाचा किती, हे पावसाळ्यातली तिमाही पाहिल्याशिवाय वेगळे करता येणार नाही. जुलै ते सप्टेंबरची चिठ्ठी त्यासाठी तयार ठेवली आहे, आणि तिच्यावर पाचवा रकाना आहे : गाडी किती वेळ उभी राहिली.